गल्लीचा गणपती: सोलापुरातल्या नव्या मंडळासाठी आठ आठवड्यांचं वेळापत्रक

पहिल्यांदा गणपती बसवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो मूर्ती किती फुटांची आणि देखावा कसला. मूर्तीचा विषय तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणि देखाव्याचा पाचव्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवा. मांडव किती मोठा होणार हे रस्त्याची रुंदी ठरवते. मूर्तीची उंची मांडवावरून ठरते. सजावटीला किती उरणार हे विसर्जनाचे आणि आवराआवरीचे पैसे आधी बाजूला काढल्याशिवाय कळत नाही. हा क्रम उलटला की चौथ्या आठवड्यात मंडपवाल्याला दिलेला अॅडव्हान्स अडकतो आणि परवानगी दुसऱ्याच मापाची हातात येते.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला आहे. मागे मोजत गेलं तर आठ आठवडे सोमवार ३ ऑगस्टपासून रविवार २७ सप्टेंबरपर्यंत नीट बसतात. त्यातले सहा तयारीचे, सातवा आणि आठवा उत्सवाचा. आठव्याचे शेवटचे दोन दिवस फक्त झाडलोट आणि हिशोबाचे.

समजायला सोपं जावं म्हणून एक गल्ली डोळ्यांसमोर धरू. एकशे दहा घरं, चौदा दुकानं, निम्मी घरं मराठी बोलणारी, बाकी तेलुगू आणि कन्नड. रस्ता बावीस फुटी. सोलापूरच्या पेठांत अशा गल्ल्या पुष्कळ आहेत.

पहिला आठवडा (३ ते ९ ऑगस्ट): टेप आणि ठराव

पहिल्या दिवशी टेप घेऊन रस्त्यावर उतरा. एका गटारीपासून दुसऱ्या गटारीपर्यंत माप घ्या आणि मग खरा मोकळा रस्ता किती उरतो ते बघा. घरांच्या पायऱ्या, कट्टे, बाहेर उघडणारी फाटकं, रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्या हे सगळं त्यातून वजा करायचं. आपल्या गल्लीत बावीस फुटांतले तीन फूट समोरच्या बाजूच्या मोटारसायकलींनी खाल्ले. उरले एकोणीस. मांडव दहा फूट खोल धरला तर नऊ फूट वाट उरते. अग्निशमनाची गाडी साधारण आठ फूट रुंद असते, त्यामुळे नऊ फुटांत ती वळणार नाही आणि अॅम्ब्युलन्सचं दारही नीट उघडणार नाही. मांडव आठ फूट खोल केला की अकरा फूट मोकळे राहतात. म्हणून आपला मांडव आठ बाय पंधरा. मांडवाचे ताण, म्हणजे बाहेर ओढून बांधलेल्या दोऱ्या, याच मापात धरायच्या. नवी पोरं हे हमखास विसरतात आणि रात्री दोरीत अडकून कुणीतरी पडतं.

वरही बघायचं. विजेच्या तारा कुठून जातात, डीपी कुठे आहे, ते कागदावर काढून घ्या. डीपीला टेकून किंवा तारांखाली मांडव नको, मग जागा कितीही सोयीची असो. जवळ दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर तेही लिहा. त्यांच्या भोवतीचं शंभर मीटरचं अंतर शांतता क्षेत्रात येतं आणि तिथे स्पीकरचा विचारच सोडून द्यावा लागतो. रस्त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून तारखेसह जपून ठेवा. विसर्जनानंतर खड्डा कुणाचा, हा वाद निघाला की हेच फोटो कामाला येतात.

याच आठवड्यात बैठक घ्या आणि ठराव लिहा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, त्यांचे पत्ते, उत्सवाची जागा, मांडवाचं माप, मिरवणुकीचा मार्ग आणि उपस्थितांच्या सह्या त्यात हव्यात. खजिनदार आणि हिशोब तपासणारा एकाच घरातले नकोत. समितीत किमान दोन बायका घ्या. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घराघरांत काय धांदल असते आणि आरतीची वेळ कधी पुढे-मागे करावी हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

दुसरा आठवडा (१० ते १६ ऑगस्ट): अर्ज

परवानग्या पाच ठिकाणच्या लागतात. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची, मांडवाला महापालिकेची, उत्सवाला, स्पीकरला आणि मिरवणुकीला पोलिसांची, आग लागू नये म्हणून घ्यायच्या काळजीबद्दल अग्निशमन दलाची, आणि विजेला महावितरणची. यंदा एक खिडकी सोय कुठे आहे हे महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी विचारा. फेऱ्या निम्म्या होतात.

नव्या मंडळांकडून सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते पहिल्या परवानगीकडे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून उत्सवासाठी पैसे गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. ठराव, पदाधिकाऱ्यांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे तयार ठेवा. जुन्या मंडळांना मागच्या वर्षीचा हिशोबही जोडावा लागतो. म्हणजे यंदाचा हिशोब कच्चा ठेवला तर पुढच्या ऑगस्टमध्ये अर्ज तिथेच अडेल. ही परवानगी हातात येईपर्यंत पावतीपुस्तक छापायला टाकू नका. पावतीवर परवानगीचा क्रमांक छापलेला असला की दुकानदार निम्मे प्रश्न विचारतच नाही.

सगळ्या अर्जांत एकच माप आणि एकच नकाशा द्या. पालिकेच्या अर्जात आठ बाय पंधरा आणि पोलिसांच्या अर्जात दहा बाय वीस असं झालं की दोन्ही अर्ज परत येतात. शनिवार-रविवार कार्यालयीन कामात धरू नका. यंदा १५ ऑगस्टही शनिवारीच आहे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. सगळ्या पोचपावत्या एका फाईलमध्ये लावा आणि उत्सवात ती फाईल मांडवातच ठेवा. रात्री गस्तीची गाडी थांबली तर सचिवाला झोपेतून उठवावं लागत नाही.

महावितरणच्या अर्जात भार लिहावा लागतो. तो अंदाजाने न लिहिता बेरीज करा. दहा एलईडी माळा मिळून शंभर वॅट, चार फोकस मिळून दोनशे, अॅम्प्लिफायर तीनशे, तीन पंखे सव्वादोनशे. झाले आठशे पंचवीस. एवढ्याला एक किलोवॅटची तात्पुरती जोडणी पुरते. शेजारच्या काकांच्या मीटरवरून वायर ओढू नका. काका आनंदाने हो म्हणतील, पण त्यांच्या घराचं वायरिंग या भारासाठी केलेलं नसतं.

तिसरा आणि चौथा आठवडा (१७ ते ३० ऑगस्ट): वर्गणी

परवानगी आली की पावतीपुस्तकं छापा. प्रत्येक पावती क्रमांकाची आणि दोन प्रतींची. खजिनदाराने एक वही घालायची आणि कुठलं पुस्तक, कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत, कुणाला, कधी दिलं हे सहीनिशी लिहायचं. बँक खातं मंडळाच्या नावाचं आणि दोघांच्या सहीचं असू द्या, आणि क्यूआर कोडही त्याच खात्याचा. एखाद्या पोराच्या वैयक्तिक नंबरवर पैसे घेतले की त्याने ते प्रामाणिकपणे ठेवले तरी हिशोब दाखवताना त्याचीच अडचण होते. समोरच्याने मोबाईलवर दाखवलेला स्क्रीनशॉट पाहून पावती फाडू नका. खात्यात पैसे आल्याचं दिसलं की मगच फाडा.

वर्गणीला दोघंदोघं जा आणि त्यातल्या एकाला त्या घरची भाषा येत असू द्या. दारात उभं राहून तेलुगूत दोन वाक्यं बोलणारा पोरगा असला की आतून "आत ये रे, चहा घे" ऐकू येतं आणि पुढची चार घरं सोपी होतात. वार बघूनच निघा. यंत्रमागावर आणि विड्यांवर पोट असलेल्या घरांत पैसा आठवड्याने येतो. त्या गल्लीतला पगाराचा वार विचारा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. नोकरदारांकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. यंदा नारळी पौर्णिमा शुक्रवारी २८ ऑगस्टला आहे. त्या दिवशी मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो आणि पूर्व भागातली अनेक घरं रथोत्सवात असतात. त्या दिवशी वर्गणी मागायला जाऊ नका, दर्शनाला जा.

आकडा सांगायचा नाही आणि नाही म्हणणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही. जबरदस्तीची वर्गणी हा पोलिसांत जाणारा विषय आहे. त्याहून वाईट म्हणजे ते घर उत्सवभर मांडवासमोरून मान खाली घालून जातं.

रोज रात्री नऊला हिशोब बंद. नोटा, चिल्लर आणि पावत्यांच्या स्थळप्रती समोरासमोर मोजायच्या, दोघांनी सही करायची आणि सकाळी रोकड बँकेत भरायची. कोरी पावती फाटली तरी ती पुस्तकात तशीच ठेवायची आणि वर "रद्द" लिहायचं.

जमा किती धरायची? एकशे दहा घरांपैकी सत्तर टक्के देतील असं धरा. सत्त्याहत्तर घरं, सरासरी तीनशे, म्हणजे तेवीस हजार शंभर. चौदा दुकानांतली दहा, प्रत्येकी हजार, म्हणजे दहा हजार. तिघांनी पाच-पाच हजारांचा शब्द दिला असेल तर दोनच धरा, म्हणजे आणखी दहा हजार. एकूण त्रेचाळीस हजार शंभर. पण पैसे हातात येईपर्यंत तोंडी शब्दावर एक रुपयाही खर्चाला लावू नका.

यातून आधी तेरा हजार बाजूला काढायचे: विसर्जनाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला आणि मिरवणुकीला सहा, आवराआवरीला तीन, अडीअडचणीला चार. उरले तीस हजार शंभर. मूर्ती सहा हजार, मांडव अकरा हजार, वीज आणि वायरिंग पाच हजार, पूजा-प्रसाद चार हजार. हे झाले सव्वीस. सजावटीला राहिले चार हजार शंभर. आकडा लहान दिसतो, पण आपल्या गल्लीची खरी ऐपत तीच आहे. पुढे जास्तीची वर्गणी आली तर ती सजावटीला लावा, पण पाचव्या आठवड्याच्या रविवारपर्यंतच. त्यानंतर येणारा पैसा शिल्लक म्हणून पुढच्या वर्षाला.

मूर्ती आणि मांडव याच काळात ठरवा. आठ फूट खोल मांडवात तीन फुटांचं स्टेज आणि त्यावर चार फुटांची मूर्ती पुरते. शाडूची मूर्ती हवी असेल तर मूर्तिकाराला तिसऱ्या आठवड्यातच सांगा. माती वाळायला ऊन लागतं आणि सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. मूर्ती घेताना पाटाखाली हात घालून बघा. तळ गार आणि ओलसर लागला तर ती अजून वाळलेली नाही.

मंडपवाल्याचे अकरा हजार तीन हप्त्यांत ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. बयाणा तीन हजार, मांडव उभा राहिल्यावर पाच हजार, आणि उरलेले तीन हजार रस्ता मोकळा करून दिल्यावर. रस्त्यात खड्डे घ्यायचे नाहीत, खांब वाळूने भरलेल्या डब्यांत उभे करायचे, हेही त्याच चिठ्ठीत.

पाचवा आठवडा (३१ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर): सजावट

थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे तो विचार नको. सोलापुरात कापडाला तोटा नाही. मागची भिंत चादरींची करता येते. ओळखीच्या दुकानातून किंवा कारखान्यातून एकाच रंगाच्या आठ-दहा चादरी परत देण्याच्या बोलीवर मागा. त्यांना खिळे मारू नका. वरच्या कडेला बांबूवर घडी टाकून मागून चिमटे लावा, म्हणजे कापड जसंच्या तसं परत जातं. समईपासून, निरांजनापासून आणि धूपदानीपासून कापड किमान चार फूट लांब ठेवा. आपल्या मांडवात हे अंतर सांभाळायचं तर समई मूर्तीच्या पुढे डावीकडे ठेवावी लागते. तिच्याखाली पत्रा आणि बाजूला वाळूची बादली.

सजावट घरी तुकड्यातुकड्यांत करा. कुणाच्या तरी गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये. शेवटच्या रात्री सगळं मांडवातच करायचं ठरवलं की वायरमन, मंडपवाला आणि सजावटवाले एकमेकांच्या पायात येतात. लेझीमचा सरावही याच आठवड्यात सुरू करा. गल्लीतल्या पोरापोरींचा लेझीमचा ताफा असला की मिरवणुकीला भाड्याचं काही लागत नाही.

सहावा आठवडा (७ ते १३ सप्टेंबर): मांडव, वीज, पाऊस

मांडव बुधवारपर्यंत उभा राहू द्या, वायरिंग गुरुवारी. शुक्रवारी चाचणी.

आधी पावसाची. ताडपत्रीला पुढून मागे किमान दीड-दोन फुटांचा उतार हवा आणि पाणी गटारीच्या बाजूला पडायला हवं, कुणाच्या दारात नव्हे. उतार कमी असला की दोन वाशांच्या मध्ये ताडपत्रीला पोट सुटतं. एक मीटर लांब-रुंद आणि दहा सेंटीमीटर खोल पाणी साचलं तर त्याचं वजन शंभर किलो होतं. मांडव पावसाने पडला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो या साचलेल्या पाण्याने पडलेला असतो. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा धुण्याचं पाणी साठवून गच्चीवरून दोन बादल्या ताडपत्रीवर ओता आणि खालून बघा. काळपट फुगवटा दिसला तर तिथे मधे आणखी एक वासा द्यायला सांगा.

मग विजेची. वायरमन परवानाधारक हवा. बोर्डात वीज गळली की लाइन तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि वेगळं अर्थिंग. बोर्ड जमिनीपासून छातीइतका वर, पावसाचा शिंतोडा लागणार नाही असा. लोखंडी पाइपवर वायर थेट गुंडाळू नये आणि जोड उघडा ठेवू नये. ईएलसीबीवर चाचणीचं छोटं बटण असतं. ते दाबलं की लाइट जायला हवी. नाही गेली तर तो बदलून घ्या. हे बटण उत्सवात रोज संध्याकाळी आरतीच्या आधी दाबायचं काम एकाच माणसाकडे द्या. जनरेटर लावणार असाल तर मधे चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते.

सातवा आठवडा आणि आठव्याचे पहिले दिवस (१४ ते २४ सप्टेंबर)

रात्रीच्या पहाऱ्याची यादी प्रतिष्ठापनेच्या आधीच भिंतीवर लावा. रोज दोघं, नावं आणि मोबाईल नंबरसह. शेवटच्या दोन रात्रींना कुणी तयार नसतं, म्हणून त्या आधी भरून घ्या.

स्पीकर सकाळी सहाच्या आधी आणि रात्री दहानंतर बंद. बारापर्यंतची सवलत ठरावीक दिवसांनाच असते आणि ते दिवस प्रशासन जाहीर करतं. आवाज आपल्या मांडवाबाहेर नियमातल्या मर्यादेच्या आत ठेवायचा. सोपी परीक्षा म्हणजे मांडवाच्या तोंडाशी उभं राहून शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता आलं पाहिजे. ही अधिकृत मोजणी नव्हे, पण आवाज कमी कधी करायचा ते यातून कळतं.

निर्माल्याला पहिल्या दिवसापासून दोन पिंपं ठेवा. एकात फुलं, दूर्वा आणि पानं, दुसऱ्यात हारांचे दोरे, कापूर-अगरबत्तीची वेष्टनं आणि पिशव्या. हार पिंपात टाकण्याआधी दोरा ओढून काढायचा. रोज एका माणसाचं दहा मिनिटांचं काम आहे. शेवटी एकदम करायला गेलात तर कुजलेल्या ढिगात हात घालावा लागतो.

विसर्जन आणि आवराआवर (२५ ते २७ सप्टेंबर)

विसर्जन कुठे करायचं हे महापालिकेची त्या वर्षीची यादी बघून ठरवा. संकलन केंद्रं, कुंड आणि तलावांवरची व्यवस्था त्यात दिलेली असते. ट्रॉलीवर मूर्ती चढवली की जमिनीपासून सगळ्यांत वरच्या टोकापर्यंत उंची मोजा आणि मार्गातल्या सगळ्यांत खालच्या तारेशी ताडून बघा. तार उचलायला बांबू हातात घेऊन पुढे चालणारा पोरगा अजिबात नको. तार खाली असेल तर मार्ग बदलायचा. ट्रॉलीवर मूर्तीजवळ चौघंच आणि लहान मुलं चाकांपासून लांब. लेझीमच्या दोन्ही बाजूंना दोर धरणारे चौघं असू द्या. गुलाल कमीत कमी वापरा.

शनिवारी सकाळी आधी वीज तोडायची, मग कापड, मग सांगाडा. चादरी त्याच दिवशी मोजून परत द्या. गुलालाचा रस्ता आधी कोरडाच झाडा. आधीच पाणी मारलं की रंग डांबरात आणि लोकांच्या पायऱ्यांत बसतो आणि दुप्पट पाणी लागतं. मांडव निघाल्यावर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून त्या आठ बाय पंधरा जागेवरून आणि आजूबाजूला पाच-सहा फूट ओढा. खिळे आणि तारेचे तुकडे त्याला चिकटून येतात. ही गोष्ट बहुतेक मंडळं करत नाहीत आणि पुढचा आठवडाभर गल्लीतल्या गाड्या पंक्चर होत राहतात. डब्यांतली वाळू गटारीत ओतू नका, पोत्यात भरून परत द्या. मग पहिल्या आठवड्यात काढलेल्या कोनांतूनच रस्त्याचे फोटो काढा. ते मंडपवाल्यासमोर जुन्या फोटोंशी ताडा आणि त्यानंतर त्याचे राहिलेले तीन हजार द्या.

रविवारी हिशोब. जमा, खर्च, शिल्लक, पावतीपुस्तकांचे क्रमांक आणि रद्द पावत्यांची संख्या एका कागदावर लिहून मांडवाच्या जागेशेजारच्या भिंतीवर लावा. कागद दोन भाषांत असला तर उत्तम. त्याची सही-शिक्क्याची प्रत बिलांसह धर्मादाय कार्यालयात परवानगीत दिलेल्या मुदतीत द्यायची. तात्पुरती वीजजोडणी बंद करण्याचा अर्ज सोमवारी सकाळी करा, म्हणजे शेवटचं बिल लवकर येतं. ते बिल भरेपर्यंत अडचणीसाठी ठेवलेल्या चार हजारांना हात लावू नका.